पोल टार्गेट (त्रिमितीय ॲनिमेशन)

इन्व्हर्स किनेमॅटिक्सने, म्हणजे आयकेने, हलणाऱ्या पायाचा गुडघा किंवा हाताचे कोपर कोणत्या बाजूला वाकावे हे ठरवणारा नियंत्रक. माया या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये `ikRPsolver` या सॉल्व्हरसोबत, म्हणजे सांध्यांचे कोन काढणाऱ्या गणकासोबत, येणारा पोल व्हेक्टर हेच काम करतो.

आयकेमध्ये ॲनिमेटर घोटा हलवतो आणि सांध्यांचे कोन गणिताने निघतात. मांडी 45 सेंमी, नडगी 42 सेंमी आणि खुब्यापासून घोट्यापर्यंतचे अंतर 75 सेंमी असेल, तर गुडघ्याचा कोन पक्का होतो. गुडघ्याची जागा मात्र पक्की होत नाही. खुबा आणि घोटा यांना जोडणाऱ्या रेषेभोवती सुमारे 22 सेंमी त्रिज्येच्या वर्तुळावर तो कुठेही असू शकतो. संगणकीय ॲनिमेशनमधील या निरीक्षणाचे श्रेय बहुधा कोराइन आणि बॅडलर यांच्या 1982 मधील लेखाला दिले जाते. यंत्रमानवाच्या सात सांध्यांच्या हाताविषयीच्या लेखनातही 1980 च्या दशकात हाच प्रश्न येतो. त्यामुळे ही कल्पना एकाच शाखेची न मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

पोल टार्गेट या वर्तुळावरचा एक बिंदू निवडतो. खुब्यापासून पोलकडे जाणाऱ्या सदिशातून खुबा-घोटा रेषेच्या दिशेचा भाग वजा केला की जो लंब भाग उरतो, त्या बाजूला गुडघा जातो. दोष याच वजाबाकीत दडलेला आहे. पोल त्या रेषेवरच आला, तर लंब भाग शून्य होतो आणि दिशाच उरत नाही.

समजा, पोल खुब्याच्या 60 सेंमी पुढे आणि 45 सेंमी खाली आहे. लाथ मारताना घोटा पुढे व वर येऊ लागतो. तो खुबा-पोल रेषेच्या खाली असेपर्यंत पोल वरच्या बाजूला असतो आणि गुडघाही वर वाकतो. घोटा रेषा ओलांडून वर गेला की पोल खालच्या बाजूला येतो आणि गुडघा पक्ष्याच्या पायासारखा उलटा वळतो. घोटा रेषेच्या दोन-तीन सेंमी बाजूने गेला, तर हेच वळण एक-दोन फ्रेममध्ये आडवे फिरून पूर्ण होते. गुडघा बाजूला उडाल्यासारखा दिसतो तो यामुळे. पोल आणखी पुढे सरकवल्याने हा दोष नेहमीच जात नाही, कारण तीन मीटर पुढे नेलेला पोलही पाय जवळपास आडवा झाला की त्याच रेषेवर येतो. लाथेबरोबर पोलही वर नेऊन त्याला की देणे, म्हणजे त्या फ्रेमवर त्याची जागा नोंदवणे, हा अधिक भरवशाचा उपाय होय.

पाय ताठ होतानाचा दोष वेगळा आहे. अंतर 86 सेंमी असताना गुडघा रेषेपासून सुमारे 6.6 सेंमी दूर असतो, आणि 87 सेंमीला अगदी रेषेवर येतो. शेवटच्या एका सेंटिमीटरात गुडघा एवढा सरकतो, म्हणून तो झटका देतो. मूळ मुद्रेतच हाडे एका सरळ रेषेत असतील, तर वाकण्याची बाजू सॉल्व्हरला कळत नाही. म्हणून रिगर, म्हणजे पात्राचा सांगाडा रचणारे कलाकार, सांगाडा बनवतानाच गुडघा किंचित पुढे ठेवतात.

ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये `Pole Target` लावताच गुडघा सरळ 90 अंशांनी वळला आणि तसाच राहिला, तर तो फ्लिप, म्हणजे पोल रेषेवर आल्याने गुडघा उलटणे, नव्हे. तेथे हाडाच्या रोलनुसार, म्हणजे हाड स्वतःच्या अक्षाभोवती किती फिरलेले आहे त्यानुसार, `Pole Angle` बदलावा लागतो, बहुतेकदा 90 किंवा -90.