सौर वादळे आणि वीजजाळे (सोलापूर)

सूर्यावरील चुंबकीय उलथापालथीमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ माजते आणि तिचे परिणाम उपग्रहांवर व उच्चदाबाच्या वीजवाहिन्यांवर होतात. सोलापूर या बाबतीत लक्षवेधी आहे. रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची, सुमारे २०० किमी लांबीची वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उरलेल्या देशाशी एकलयीत जोडले गेले.

सूर्यावरच्या काळसर, तीव्र चुंबकीय क्षेत्राच्या डागांची, म्हणजे सौरडागांची, संख्या साधारण ११ वर्षांच्या चक्राने वाढते आणि घटते. सध्याचे २५ वे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले. मोठ्या, गुंतागुंतीच्या डागसमूहांतून सौरज्वाला भडकतात, आणि बऱ्याचदा त्यांच्यासोबत सीएमई, म्हणजे चुंबकीय क्षेत्रासह अवकाशात फेकला गेलेला आयनद्रव्याचा प्रचंड लोट, बाहेर पडतो. या दोन्हींत नेहमी गल्लत होते. ज्वालेचे क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत पोचतात आणि दिवसाच्या बाजूला लघुलहरी रेडिओ बंद पाडतात. वीजजाळ्याला त्यांचा धक्का बसत नाही. तो बसतो सीएमईमुळे, आणि तिला पोचायला साधारण १५ तास ते ३-४ दिवस लागतात. तिचे चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असेल तरच वादळ तीव्र होते, आणि ही दिशा खात्रीने कळते ती पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किमीवरच्या एल-१ बिंदूपाशी. भारताचे आदित्य-एल१ यान तिथेच आहे. म्हणजे भरवशाचा इशारा फार तर तासाभराचा.

वाहिनीत नेमके काय घडते? चुंबकीय क्षेत्र बदलले की जमिनीत विद्युतक्षेत्र निर्माण होते. दोन्ही टोकांच्या रोहित्रांचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे, न्यूट्रल म्हणजे तिन्ही फेजचा सामाईक बिंदू जमिनीला जोडलेला असल्याने वाहिनी आणि जमीन मिळून एक बंद मंडल बनते. त्यातून मिनिटामिनिटाने हळूहळू बदलणारा, जवळजवळ डीसी प्रवाह वाहतो. उदाहरणादाखल दर किमीला ०.१ व्होल्ट क्षेत्र धरू. २०० किमीला २० व्होल्ट होतात. मंडलाचा एकूण रोध २ ओहम धरला तर न्यूट्रलमधून १० अँपिअर, म्हणजे प्रत्येक फेजमधून सव्वातीन अँपिअर.

१,५०० एमव्हीए रोहित्राचा पूर्ण भाराचा प्रवाह ७६५ केव्ही बाजूला सुमारे १,१०० अँपिअर असतो, तेव्हा हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण तुलना भाराशी नव्हे, गाभा चुंबकित करणाऱ्या चुंबकन प्रवाहाशी करायची, आणि तो जेमतेम अँपिअरभर असतो. डीसीमुळे लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनाच्या एका अर्ध्या भागात संपृक्त होतो. मग रोहित्र प्रत्यक्ष काम न करता जाळ्याचा दाब खाली ओढणारी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर घेऊ लागते, मूळ वारंवारतेच्या पटीतले प्रवाह, म्हणजे सम व विषम हार्मोनिक, सोडते, आणि गाभ्याबाहेर निसटलेला चुंबकीय प्रवाह टाकीचे लोखंड तापवतो. ७६५ केव्हीला सहसा एकफेजी रोहित्रे वापरतात. त्यांत डीसी चुंबकीय प्रवाहाला लोखंडातूनच परतीची वाट मिळते, म्हणून ती या बाबतीत अधिक नाजूक.

१३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्युबेकचे जाळे दीड मिनिटात कोसळले आणि ६० लाख लोक सुमारे ९ तास अंधारात राहिले. हार्मोनिकमुळे दाब सांभाळणाऱ्या सातही व्हीएआर, म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर, भरपाई यंत्रणांना त्यांच्याच संरक्षण रिलेंनी बंद केले. दाब त्यानंतर कोसळला. म्हणून आधी तपासायचे ते रिलेचे सेटिंग.

सोलापूरचे भूचुंबकीय अक्षांश सुमारे १०° उत्तर आहे. ध्रुवप्रकाशाखालचे तीव्र विद्युतप्रवाह इथून दूर राहतात. तरी धोका शून्य धरू नये. २ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत क्षितिजसमांतर चुंबकीय घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली आला होता. नोंद महाराष्ट्रातलीच आहे.

उपकेंद्रात हे ओळखावे कसे? नेहमीच्या सीटीला, म्हणजे प्रवाह मोजणाऱ्या छोट्या रोहित्राला, डीसी दिसत नाही. न्यूट्रलवर हॉल परिणामावर चालणारा संवेदक लागतो. रोहित्राचा घरघराट वाढतो आणि प्रवाहात १०० हर्ट्झ हा सम हार्मोनिक उमटतो. एचव्हीडीसी, म्हणजे उच्चदाबाच्या डीसी, वाहिनीचा परतीचा प्रवाह जमिनीतून सोडला तरी हीच लक्षणे दिसतात. म्हणून वेळ अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेतील आलेखाशी ताडून पाहावी, आणि दूरच्या उपकेंद्रांतही त्याच क्षणी तसेच झाले का ते विचारावे. नंतर तेलातील विरघळलेल्या वायूंची तपासणी करावी. एथिलीन वाढले असेल तर आत कुठेतरी अति तापमान झाले आहे.

उपग्रहांचा मार्ग वेगळा आहे. वादळाने वरचे वातावरण तापून फुगते आणि खालच्या कक्षेत घर्षण वाढते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे २१० किमी उंचीवर सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ उपग्रह असेच गमावले, आणि तेही सौम्य वादळात. सोलापूरकरांना रोजच्या कामात जाणवेल ते जीपीएसचे भरकटणे. सौरडाग सर्वाधिक असलेल्या वर्षांत, विशेषतः मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सूर्यास्तानंतर काही तास आयनांबर या वरच्या वातावरणाच्या विद्युतभारित थरातील बुडबुड्यांमुळे सिग्नल लुकलुकतात, आणि यासाठी वादळही लागत नाही. सेंटिमीटरच्या अचूकतेची मोजणी त्या काळात सकाळीच उरकलेली बरी.