बॅटरी हेल्थचा आकडा येतो कुठून, आणि ‘कॅलिब्रेशन’ने नेमकं काय बदलतं

फोनची बॅटरी ‘कॅलिब्रेट’ केली की तिची हेल्थ परत येते, असं सांगितलं जातं. त्यासाठी बॅटरी पूर्ण संपवून मग शंभरापर्यंत चार्ज करण्याचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. 1991 पासून लिथियम-आयन बाजारात आली, पण जुना सल्ला तिलाही चिकटला. पुढे अँड्रॉइडवर `batterystats.bin` ही फाइल पुसायची टूम निघाली आणि त्यालाही कॅलिब्रेशनच म्हटलं जाऊ लागलं. त्या फाइलमध्ये कोणत्या ॲपने किती बॅटरी खाल्ली याची नोंद असते. टक्केवारी तिच्यावरून ठरतच नाही, हे अँड्रॉइड बनवणाऱ्यांनीही तेव्हाच सांगितलं होतं. घोळ आजही या एका शब्दाचाच आहे: कॅलिब्रेशन होतं ते मोजमापाचं, बॅटरीचं नव्हे.

हे मोजमाप बॅटरीवर नजर ठेवणारी गेज चिप करते. बॅटरीच्या वाटेत काही मिलिओहमचा रेझिस्टर असतो. त्यावरच्या सूक्ष्म व्होल्टेजवरून किती चार्ज आत गेला आणि किती बाहेर आला, याची चिप बेरीज ठेवते. या बेरजेत चूक साठत जाते. म्हणून फोन बराच वेळ निवांत पडला की चिप सेलचं स्थिर व्होल्टेज बघते आणि सेल किती भरलेला आहे ते तक्त्यावरून ठरवते. अशा दोन विसाव्यांमधल्या चार्जवरून पूर्ण क्षमता निघते.

समजा, 4000 mAh चा सेल आहे. पहिल्या विसाव्याला तो 20 टक्के भरलेला, दुसऱ्याला 90, आणि मधे 2380 mAh आत गेले. 70 टक्क्यांना 2380, म्हणजे पूर्ण क्षमता 3400. मूळ 4000 शी तुलना केली की हेल्थ 85 टक्के.

आता फोन कायम 45 ते 65 मध्येच फिरत असेल तर? तिथे व्होल्टेजचा आलेख जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे किंचित चुकीनेही भरणाचा अंदाज बराच हलतो. चिप मग जुना, समजा 3200 चाच आकडा धरून बसते आणि हेल्थ 80 दिसते. अशा वेळी 10-15 टक्क्यांपर्यंत उतरवून फोन दोन-तीन तास पडू दिला, मग सलग पूर्ण चार्ज करून तासभर तसाच ठेवला, तर 85 दिसू शकतं. पाच टक्के ‘परत आले’ असं वाटतं, पण सेलमध्ये 3400 आधीही होतेच. उलटही घडतं: आकडा 90 दाखवतो आणि फोन 12 टक्क्यांवर बंद पडतो. तिथे मोजमाप सुधारलं की हेल्थ खाली येते, आणि तोच खरा आकडा असतो. मात्र थंडीत किंवा अंतर्गत रोध वाढलेल्या सेलमध्येही फोन असा बंद पडतो. तो दोष मोजमापाने जात नाही.

2018 मध्ये एका मोठ्या कंपनीने हेल्थचा आकडा सेटिंग्जमध्ये आणला. थकलेल्या बॅटरीचे फोन मुद्दाम मंद केल्याचं त्याआधी उघड झालं होतं. आकडा लोकांसमोर आला हे चांगलंच झालं, पण तो अंदाज आहे हे पुरेसं ठसवलं गेलं नाही.

गेलेली क्षमता मात्र रसायनात अडकलेली असते. सेलच्या ऋण टोकाच्या ग्रॅफाइटवर थर साचत जातो आणि वापरातलं लिथियम त्यात कायमचं बांधलं जातं. चार्जरला लावून ते सुटत नाही. दर आठवड्याला बॅटरी शून्यावर नेली तर तिची झीज उलट वाढतेच.