म्युटेशन-सिलेक्शन बॅलन्स

म्युटेशन-सिलेक्शन बॅलन्स म्हणजे एखाद्या लोकसंख्येत हानिकारक अलील (जीनचं बिघडलेलं रूप) ज्या पातळीवर येऊन स्थिरावतं ती स्थिती. पुस्तकी मराठीत याला उत्परिवर्तन-निवड संतुलन म्हणतात. एका बाजूने म्युटेशनमुळे बिघडलेल्या प्रती नव्याने तयार होत राहतात, दुसऱ्या बाजूने सिलेक्शन त्या काढत राहतं, आणि दर पिढीत जेवढ्या येतात तेवढ्याच जायला लागल्या की आकडा तिथेच थांबतो. शेतातल्या तणासारखंच आहे, खुरपणी कितीही नीट केली तरी वाऱ्याने बी येतच राहतं, त्यामुळे शेत कधीच पूर्ण साफ होत नाही. हा हिशोब ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२७ मध्ये मांडला, हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

इथे 'हानिकारक' या शब्दाचा अर्थ फार मर्यादित आहे हे आधीच सांगून ठेवतो. ते अलील असलेल्या माणसांना सरासरी किती मुलं होतात, इतकंच मोजलं जातं, त्या माणसाची किंमत नाही. आणि मुलं कमी होण्यामागे शरीरच असतं असंही नाही, समाजाने लग्नच जुळू दिलं नाही तरी हिशोबात ते सिलेक्शनच धरलं जातं.

डॉमिनंट अलीलचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे अकॉन्ड्रोप्लेजिया, म्हणजे हातपाय आखूड राहून उंची कमी राहते तो प्रकार. FGFR3 नावाच्या जीनची एक प्रत बदललेली असली की पुरतं, त्यामुळे अलील लपून राहूच शकत नाही, ज्याच्याकडे आहे त्याच्यात ते दिसतंच. डेन्मार्कमध्ये मोर्क यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेली मोजणी अशी होती: कोपनहेगनच्या एका प्रसूतिगृहात ९४,०७५ जन्मांमध्ये अशी १० बाळं सापडली, त्यातल्या ८ जणांचे आईवडील नेहमीच्या उंचीचे होते, म्हणजे ती ८ म्युटेशन्स नवीन, आणि २ वारशाने आलेली. शिवाय त्यांनी वेगळी एक मोजणी केली, ती मुलांची. अशा १०८ जणांना मिळून २७ मुलं झाली होती आणि त्यांच्याच ४५७ नेहमीच्या उंचीच्या भावंडांना ५८२. माणशी काढलं तर ०.२५ विरुद्ध १.२७, म्हणजे साधारण पाचवा हिस्सा.

आता या दोन मोजण्या एकमेकींशेजारी ठेवून बघा. एका पिढीत १० जण असतील आणि त्यांचं अलील पाचव्या हिश्श्यानेच पुढे जात असेल तर पुढच्या पिढीत वारशाने येणार २, त्यात नव्या म्युटेशन्सचे ८, परत १०. प्रसूतिगृहातलं प्रमाणही हेच होतं, २ आणि ८! समजा एखाद्या पिढीत कुठल्यातरी कारणाने हेच ५० झाले, तर पुढे १०+८ म्हणजे १८, मग साडेअकरा, मग दहाच्या आसपास. आणि समजा सगळे काढूनच टाकले, शून्य केले, तरी पुढच्या पिढीत ८, त्याच्या पुढे साडेनऊ, की परत दहाच. सूत्र म्हणून लिहायचं तर q ≈ μ/s, इथे q म्हणजे अलीलचं प्रमाण, μ म्हणजे म्युटेशनचा दर आणि s म्हणजे सिलेक्शनचा जोर, जो इथे ०.८ आहे.

मोर्क यांच्या आकड्यांत एक खोट होती, त्या १० बाळांमध्ये हाडांचे दुसरे आजार असलेली काही बाळंही धरली गेली असावीत असं आता मानतात, कारण आजचा अंदाज साधारण २५ हजार जन्मांमागे एक असा आहे. तरीही म्युटेशनचा दर प्रचंडच आहे, कारण जवळपास सगळ्या केसेसमध्ये बदललेलं अक्षर एकच असतं, आणि डीएनएमधल्या कुठल्याही एका अक्षराच्या सरासरी दरापेक्षा हा दर हजारेक पटीने जास्त निघतो. कारण असं की वडिलांच्या वृषणात हा बदल झालेली पेशी शेजारच्या पेशींपेक्षा जास्त वाढते, म्हणून वय वाढतं तसे असे शुक्राणूही वाढत जातात, आणि म्हणूनच ही नवी म्युटेशन्स जवळजवळ नेहमी वडिलांकडून आलेली असतात.

रिसेसिव्ह अलीलची गोष्ट एकदम वेगळी. तिथे दोन्ही प्रती बिघडल्या तरच आजार होतो, एकच बिघडली तर माणूस फक्त कॅरिअर असतो आणि सिलेक्शनला तो दिसतच नाही. म्हणून सूत्रात वर्गमूळ येतं, q ≈ √(μ/s). समजा म्युटेशनचा दर दहा लाखात एक आहे आणि आजार असा की मूल वाचतच नाही, म्हणजे s = 1. डॉमिनंट असतं तर अलील दहा लाखात एकच राहिलं असतं, रिसेसिव्ह असल्यामुळे ते हजारात एक होतं. आजारी बाळं दोन्हीकडे थोडीच, पण रिसेसिव्हमध्ये पाचशे माणसांमागे एक कॅरिअर फिरत असतो आणि बिघडलेल्या दर हजार प्रतींपैकी ९९९ या कॅरिअर लोकांमध्येच असतात. खुरपं चालतं ते उरलेल्या एकावर.

म्हणूनच 'आजारी लोकांना मुलं होऊ देऊ नका म्हणजे रोग संपेल' हा विसाव्या शतकातला युजेनिक्सवाल्यांचा दावा क्रूर तर होताच, पण हिशोबातही चूक होता. वरच्या उदाहरणात नवीन म्युटेशन अजिबात होत नाही असं धरलं तरी हजारात एक वरून दोन हजारात एक व्हायला १,००० पिढ्या लागतात, म्हणजे पंचवीसेक हजार वर्षं.

नात्यातल्या लग्नांत मात्र हे लपलेलं वर येतं. आपल्याकडे काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत आहे, अशा जोडप्याच्या मुलाला एकाच पूर्वजाची तीच प्रत दोन्हीकडून मिळायची शक्यता १/१६ असते. वरचंच अलील घेतलं तर आजाराची शक्यता दहा लाखात एक वरून साधारण ६३ होते, टक्क्यात बघितलं तर अजूनही बारीक, पण अशी अलील्स प्रत्येकात अनेक असतात म्हणून ते जाणवतं.

वर्गमूळाचं सूत्र जसंच्या तसं धरू नये, कारण पूर्ण रिसेसिव्ह असं फार कमी असतं. फळमाशीत दोन प्रतींनी जीव घेणारी अलील्स एका प्रतीनेही सरासरी दोनेक टक्के नुकसान करतात असं दिसलंय, आणि कॅरिअरचं एवढंसं नुकसानही पुरेसं होतं, हजारात एकचं प्रमाण वीस हजारात एकपर्यंत उतरतं.

शिवाय कमी प्रमाणातलं प्रत्येक अलील या बॅलन्सनेच टिकलंय असंही नाही. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलचं अलील इतकं जास्त आहे की ते म्युटेशनने भरून निघतंय म्हणायचं तर दर अशक्य मोठा धरावा लागतो, तिथे खरं कारण मलेरिया आहे, कॅरिअर माणसाला त्यापासून संरक्षण मिळतं. तपासायची पद्धत साधीच आहे, आजाराच्या प्रमाणावरून किती μ लागेल ते काढायचं आणि प्रत्यक्ष मोजलेल्या दराशी ताडून बघायचं. हिशोब उत्तर युरोपातल्या सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसं बिघडवणाऱ्या रिसेसिव्ह आजारासारखा आला, म्हणजे अडीच हजारात एक बाळ आणि त्यासाठी लागणारा दर दहा हजारात चार, तर एवढं म्युटेशन होत नाही, मग दुसरं कारण शोधायला लागतं.