कपाळावरची बट आणि तिची उपच्छाया

केस कापण्याआधी आपल्याला फ्रिंज शोभेल का, हे पाहण्यासाठी माझ्या भाचीने स्वतःच्या छायाचित्रावर संगणकात कपाळावरच्या बटा रंगवल्या. 1960 च्या सुमारास अभिनेत्री साधना यांच्यामुळे घराघरांत पोहोचलेल्या ‘साधना कट’सारख्या त्या बटा सुबक होत्या, पण कागदातून कापून कपाळावर चिकटवल्यासारख्या दिसत होत्या. तिने प्रत्येक केसाला सारखीच काळी सावली दिली होती. सावली म्हणजे वस्तूचीच पुसट प्रत, हा समज फार रूढ आहे आणि चूक नेमकी तिथेच होते.

ग्रहणाच्या धड्यात आपण प्रच्छाया, म्हणजे पूर्ण गडद सावली, आणि उपच्छाया शिकलो आहोत. प्रकाशाचा स्रोत बिंदूएवढा नसेल, तर सावलीच्या कडेला असा एक पट्टा पडतो, जिथून स्रोताचा काही भाग दिसतो आणि काही झाकला जातो. हीच उपच्छाया. तिची रुंदी काढणे सोपे आहे: स्रोताच्या रुंदीला त्याच्या अंतराने भागावे आणि वस्तू व पृष्ठभाग यांच्यातल्या फटीने गुणावे.

भाचीचे छायाचित्र खिडकीच्या उजेडात काढलेले होते. खिडकी सुमारे 1 मीटर रुंद आणि 2 मीटर दूर होती, म्हणजे उपच्छायेची रुंदी फटीच्या निम्मी. फ्रिंजचे केस मुळाशी थोडे उभे राहून मग खाली वळतात. त्यामुळे कपाळाच्या मध्यावर ते त्वचेपासून साधारण 10 मिलिमीटर दूर असतात, तर भुवईचे हाड पुढे आलेले असल्याने तिथे ही फट जेमतेम 2 मिलिमीटर उरते. म्हणून वर उपच्छाया 5 मिलिमीटर पसरते आणि भुवईपाशी केवळ 1 मिलिमीटर. एकाच बटेची सावली वर विरघळलेली आणि खाली रेखीव असते, आणि डोळा त्यावरूनच केस कपाळापासून किती दूर आहेत हे ओळखतो. प्रकाश बाजूने 45 अंशांतून येत असेल, तर सावली जवळजवळ फटीइतकीच सरकते. म्हणजे वर ती बटेपासून सुटलेली असते आणि भुवईकडे येता येता बटेला मिळते.

आता 3 मिलिमीटर रुंदीची एक बट घेऊ. कपाळाच्या मध्यावर ती 5 मिलिमीटरच्या पसाऱ्यापुढे अपुरी पडते आणि खिडकीचा फार तर 60 टक्के प्रकाश अडवते, त्यामुळे तिथे प्रच्छाया पडतच नाही. सुटा केस तर सुमारे 0.07 मिलिमीटर जाड असतो. भुवईपाशीसुद्धा तो 7 टक्केच प्रकाश अडवतो, म्हणून त्याची सावली जवळजवळ दिसत नाही. सावली बटेला द्यावी, केसाला नव्हे.

भाचीच्या चित्रात 140 मिलिमीटरचा चेहरा 700 पिक्सेलांत मावला होता, म्हणजे 1 मिलिमीटरला 5 पिक्सेल. सावलीसाठी बटेच्या आकाराचे दोन थर करून कडा धूसर करणारा Gaussian Blur वरच्या भागासाठी सुमारे 7 पिक्सेल आणि भुवईपाशी सुमारे 1.5 पिक्सेल ठेवला, आणि दोन्ही थर मधल्या पट्ट्यात एकमेकांत मिसळले. थर खालच्या चित्रात मिसळण्याची पद्धत Multiply, म्हणजे गुणाकाराची, हवी, कारण सावली त्वचेवर रंग चढवत नाही, ती प्रकाशाचा अंश कमी करते. इथे एक अडचण आहे. पडद्यावर उजळपणा दाखवणारे 0 ते 255 हे आकडे प्रकाशाच्या थेट प्रमाणात नसतात. आकडा निम्मा केला की प्रकाश सुमारे 22 टक्केच उरतो. 40 टक्के प्रकाश ठेवायचा, तर 255 पैकी सुमारे 168 ची छटा घ्यावी लागते, आणि भिंतींवरून परतणारा उजेड धरून त्याहून थोडी फिकी. छटा राखाडी न घेता किंचित तांबूस घ्यावी, कारण तांबडा प्रकाश त्वचेत निळ्यापेक्षा दूरवर पसरतो आणि सावलीच्या कडेला बाहेर येतो.

सुवर्ण गुणोत्तरावरून चेहऱ्याला शोभणारी केशरचना ‘वैज्ञानिक’ रीतीने सांगण्याचा दावा करणाऱ्या अ‍ॅपमागे पडताळलेले विज्ञान नाही. चित्रात केस खरे दिसणे ही मात्र मोजता येणारी गोष्ट आहे.

भुवईवरून जाणाऱ्या केसांनाही अंशतः झाकण्याचा हाच नियम लागू पडतो. आपल्या मापाने एक केस 0.35 पिक्सेल भरतो, म्हणून एक पिक्सेल रुंदीची पूर्ण गडद रेघ खऱ्या केसाच्या जवळजवळ तिप्पट जाड ठरते. तीच रेघ 35 टक्के गडद काढली, तर एका केसाखाली भुवईचा 65 टक्के भाग दिसतो, दोन केस एकमेकांवर आले की 42 आणि तिसऱ्यानंतर 27. संपूर्ण केसांचा थर एकसारखा पारदर्शक केला, तर दाट बटेतूनही भुवई दिसत राहते, आणि फसगत ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे. थरांचा क्रम खालून त्वचा व भुवई, मग सावली, सर्वांत वर केस असा ठेवावा, म्हणजे फटींतून दिसणारी भुवईही सावलीत येते. भाचीने सावली भुवईच्या खाली ठेवली होती, त्यामुळे कपाळ झाकोळले होते आणि भुवई तेवढी उजेडात राहिली होती.