लघुपटातील ड्रोन चित्रीकरणाचे नियोजन

लघुपटासाठी ड्रोनने घ्यायच्या शॉटचा उड्डाणमार्ग, वेग, बॅटरीचा हिशेब, सुरक्षित अंतर आणि लागणाऱ्या परवानग्या चित्रीकरणापूर्वी ठरवण्याची प्रक्रिया. नियोजनाची खरी कसोटी रिव्हील शॉटमध्ये लागते. या शॉटमध्ये आधी झाकलेली जागा एखाद्या आडोशामागून हळूहळू दृष्टीस पडते आणि तिचा परिणाम सर्वस्वी ती किती वेळात उघडते यावर अवलंबून असतो.

एक उदाहरण घेऊ. सहा मीटर उंचीची पडकी भिंत आहे. तिच्या पलीकडे सपाट काठावर १२ मीटरवर नट उभा आहे आणि ६० मीटरवर पाण्यात एक होडी आहे. ड्रोन अलीकडून सरळ वर चढतो. कॅमेरा भिंतीच्या माथ्याच्या उंचीला आला की आधी क्षितिज दिसते, मग होडी आणि सर्वांत शेवटी नटाचे पाय. ड्रोन भिंतीपासून चार मीटरवर असेल, तर होडी दिसायला माथ्याच्या वर केवळ ४० सेंटिमीटर आणि नट पूर्ण दिसायला दोन मीटर चढावे लागते. सेकंदाला एक मीटर या वेगाने हे सारे दोन सेकंदांत उरकते आणि प्रेक्षकाला काही उलगडल्याची जाणीवही होत नाही. अंतर आठ मीटर केले, की हीच चढण अनुक्रमे ८० सेंटिमीटर आणि चार मीटर होते. वेग निम्मा केल्यास पहिली झलक ते पूर्ण दृश्य यांत सुमारे साडेसहा सेकंद मिळतात. म्हणून शॉट घाईचा वाटत असेल, तर वेग कमी करण्याआधी भिंतीपासूनचे अंतर तपासावे. फार मागे गेल्यास मात्र सुरुवातीलाच भिंतीवरचे आकाश चौकटीत शिरते आणि गुपित फुटते. सामान्य वाइड लेन्सला आठ मीटरवरून जेमतेम भिंतीएवढी उंची दिसते, त्यामुळे आरंभी कॅमेरा किंचित खाली झुकवून ठेवतात.

हालचाल गुळगुळीत यावी यासाठी कंट्रोलरची कांडी हळूहळू ढकलतात, शॉट लागणाऱ्या भागाच्या पाच सेकंद आधी सुरू करतात आणि पाच सेकंद नंतर थांबवतात. सुरुवातीचा व शेवटचा झटका संकलनात कापला जातो. भिंतीजवळ दोन दोष हमखास आढळतात. अडथळा ओळखणारे सेन्सर मध्येच ब्रेक लावतात, आणि भिंतीने अर्धे आकाश झाकल्याने उपग्रहांचे संकेत कमी मिळून ड्रोन बाजूला सरकतो. मॉनिटरवर भिंतीचे दगड आडवे सरकताना दिसू लागले, की हा दुसरा दोष समजावा. परतताना ड्रोन सरळ खाली आणल्यास तो स्वतःच्याच पंख्यांच्या ढवळलेल्या हवेत डगमगतो, म्हणून थोडा तिरका उतरवतात.

बॅटरीवर छापलेला वेळ शांत हवेतला असतो. ३० मिनिटांची बॅटरी सुमारे ३० टक्क्यांवर उतरवायची, वाऱ्याशी झुंजायचे आणि थंडीत घट सोसायची, असे धरल्यास हाती १८ ते १९ मिनिटे उरतात. उड्डाण, एक्स्पोजर आणि एक तालीम यांत चार मिनिटे जातात. वरील शॉट तीन मीटरपासून ११ मीटरपर्यंत सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने चढतो, म्हणजे चढाई १६ सेकंदांची. उतरणे, स्थिरावणे आणि नटाशी बोलणे धरून प्रत्येक टेकला दोन मिनिटे लागतात. हिशेबाने सात टेक होतात, पण वेळापत्रकात पाचच लिहावेत. सहाव्याला दिग्दर्शक नक्कीच ‘अजून एक’ म्हणतो.

अंतरासाठी सोपा नियम असा, की शॉटशी संबंध नसलेल्या माणसांपासून आडवे अंतर ड्रोनच्या उंचीपेक्षा कमी नसावे. स्थानिक नियम अधिक मागत असतील तर ते पाळावेत. उदाहरणात सर्वाधिक उंची ११ मीटर आणि नट २० मीटरवर आहे, म्हणजे हे प्रमाणही सांभाळले जाते. ‘घरी परत’ या सोयीची उंची भिंत व झाडे यांहून जास्त ठेवतात. डोक्यावर फांदी असेल तर मात्र संपर्क तुटल्यावर ड्रोन सरळ तिच्यातच घुसतो, म्हणून उड्डाणाची जागा वरून मोकळी हवी.

परवानग्या दोन वेगळ्या असतात: विमान वाहतूक नियामकाची हवेसाठी आणि मालकाची जमिनीसाठी. एक मिळाली म्हणून दुसरी गृहीत धरता येत नाही. अनेक देशांत सर्वसाधारण उंचीची मर्यादा १२० मीटर असते, ड्रोन चालकाच्या नजरेत ठेवावा लागतो आणि विमानतळाजवळ स्वतंत्र मंजुरी घ्यावी लागते. अर्जात तारखेबरोबर राखीव दिवसही मागावा, कारण वारा सुटला की त्या दिवशीचा शॉट रद्दच करावा लागतो.