पालकातलं कॅल्शियम जातं कुठे?

माझ्या मावशीला दूध पचत नाही. कपभर दुधानंही पोट फुगतं, म्हणून तिनं ते साठीच्या आधीच सोडलं आणि हाडांसाठी पालक धरला. आठवड्यातून चार दिवस पालकाची भाजी, वर तिळाची चटणी. रक्तातलं कॅल्शियम तपासलं तर अगदी व्यवस्थित निघालं, त्यामुळे तिची खात्री पटली. तिचा हिशोब दोन ठिकाणी चुकला होता आणि दोन्ही चुका दूध न घेणाऱ्या बऱ्याच घरांत होतात.

आधी रक्ताची गोष्ट. हृदयाचे ठोके आणि स्नायूंचं आकुंचन कॅल्शियमवर चालतं, म्हणून शरीर रक्तातली त्याची पातळी फार काटेकोर सांभाळतं. जेवणातून कमी आलं की ते हाडांतून काढलं जातं. वर्षानुवर्षं कमी खाणाऱ्याचा रक्ताचा अहवालही त्यामुळे बिनचूक येऊ शकतो. हाडं किती झिजली हे हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत दिसतं, रक्तात नाही.

दुसरी चूक पालकाची. ताज्या पालकात १०० ग्रॅमला साधारण ८० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. ते आतड्यातून रक्तात किती जातं, हे रॉबर्ट हीनी आणि कॉनी वीव्हर या अमेरिकी संशोधकांनी १९८८ मध्ये मोजलं. त्यांनी खूण केलेलं, म्हणजे नंतर ओळखता येईल असं कॅल्शियम घालून पालक वाढवला, तो लोकांना खाऊ घातला आणि ती खूण रक्तात किती उतरली ते पाहिलं. दुधातल्या कॅल्शियमपैकी सुमारे २८ टक्के शोषलं गेलं, पालकातलं फक्त ५ टक्के.

याचं कारण अळू खाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, फक्त नाव माहीत नसतं. अळू नीट शिजलं नाही की घसा खाजतो, कारण त्याच्या पानांत सुईसारखे टोकदार स्फटिक असतात. ते कॅल्शियम ऑक्झलेटचे. ऑक्झलिक आम्ल कॅल्शियमला असं घट्ट धरतं की जे तयार होतं ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, आणि जे विरघळत नाही ते आतड्याच्या भिंतीतून फारसं जात नाही. पालक खाल्ल्यावर दातांवर जो खरखरीत थर जाणवतो, तोही याच ऑक्झलेटचा. चिंच घातल्यानं अळूची खाज कमी होते, पण त्यातलं कॅल्शियम काही मोकळं होत नाही. भाजी उकडून पाणी ओतून देण्याचाही इथे उपयोग नाही. पाण्यात जातं ते सुटं ऑक्झलेट, कॅल्शियमला चिकटलेलं भाजीतच राहतं.

माठही याच पंगतीतला. माठासारख्या एका चिनी पालेभाजीवर वीव्हर यांनी नंतर प्रयोग केला, तेव्हा शोषण जेमतेम ८ टक्के निघालं. अन्नघटकांच्या तक्त्यात माठाचं कॅल्शियम भरघोस दिसतं, म्हणून हे लक्षात ठेवायला हवं. जीवनसत्त्वांसाठी या भाज्या जरूर खाव्यात. कॅल्शियमच्या खात्यावर मात्र त्यांच्या नावे फार काही जमा करू नये.

आता उलट बाजू. मोहरीच्या कुळात ऑक्झलेट अगदी थोडं असतं. मोहरी, मुळा, कोबी, नवलकोल, ब्रोकोली ही सगळी भावंडं. याच कुळातल्या केल या भाजीवर १९९० मध्ये तसाच प्रयोग झाला आणि शोषण ४१ टक्के भरलं, त्याच वेळी मोजलेल्या दुधापेक्षा जास्त. चिनी मोहरीच्या पाल्याचा आकडाही ४० टक्क्यांच्या आसपास आला.

मला यात सगळ्यात हळहळ वाटते ती मुळ्याच्या पाल्याची. भाजीवाला मुळा देताना पाला पिरगळून टाकतो आणि आपण तो टाकू देतो. १०० ग्रॅम पाल्यात सुमारे २५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. मोहरीच्या पाल्याचा दर त्याला लावला तर त्यातलं १०० मिलिग्रॅम अंगी लागतं. पेलाभर दुधात, म्हणजे २५० मिलिलिटरमध्ये, ३०० मिलिग्रॅम असतं आणि त्यातला एक तृतीयांश शोषला जातो. तेही १०० मिलिग्रॅमच. पाला शिजून बसला की मूगडाळ घालून केलेली ही छोटी वाटीभर भाजी एका पेल्याच्या तोडीची ठरते. तेवढंच पालकातून मिळवायचं तर रोज अडीच किलो पालक शिजवावा लागेल.

नाचणीत १०० ग्रॅमला ३६० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, कुठल्याही धान्यापेक्षा जास्त. तिथली अडचण मुख्यतः फायटेटची. धान्य स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, साठवायला फायटिक आम्ल बनवतं आणि तेही कॅल्शियमला चिकटतं, पण ऑक्झलेटइतकं पक्कं नाही. शिवाय ते तोडता येतं. दाणा भिजला, मोडला की त्यातला फायटेज नावाचा एन्झाइम जागा होतो आणि फायटेटचे तुकडे करतो. पीठ आंबवलं तरी तेच घडतं. म्हणून मोड आणून वाळवून दळलेलं सत्त्व किंवा रात्रभर आंबवलेली आंबील कोरड्या पिठाच्या भाकरीपेक्षा सरस. भाकरीचा हिशोब करताना मी हात आखडता ठेवून पाचातला एक भाग शोषला जातो असं धरते. नव्वद ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांतून मग ६५ मिलिग्रॅम मिळतं.

तिळाचा आकडा सगळ्यांत मोठा, हजाराच्या वर, पण तो सालीसकट तिळाचा. ते कॅल्शियम मुख्यतः सालीत असतं आणि तेही बरंचसं ऑक्झलेटला बांधलेलं. सोललेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात साल गेली की आकडाही गडगडतो. चटणी चवीनं खावी, पण मावशीसारखा तिच्यावर भार टाकू नये.

टोफूचं, म्हणजे सोया पनीरचं, दूध कशानं फाडलंय, यावर सगळं ठरतं. कॅल्शियम सल्फेटनं बांधलेला टोफू दुधाच्या बरोबरीनं, सुमारे ३१ टक्के, शोषला जातो. मॅग्नेशियम क्लोराइड वापरलं असेल तर त्यात कॅल्शियम थोडंच. पाकिटावर INS 516 असेल तर ते कॅल्शियम सल्फेट, INS 511 असेल तर मॅग्नेशियम क्लोराइड. सोया दुधात कॅल्शियम वरून मिसळलेलं आहे का तेही वाचावं, आणि असेल तर डबा जोरात हलवून मगच ओतावं, कारण ते तळाशी बसतं. घरी केलेल्या बदामाच्या दुधात ते नावापुरतंच असतं.

मासे खाणाऱ्यांचं काम सोपं आहे. बांगलादेशातल्या काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या छोट्या माशांवर डेन्मार्कमध्ये प्रयोग झाला. त्यांचं कॅल्शियम सुमारे २४ टक्के शोषलं गेलं, सोबत मोजलेल्या साय काढलेल्या दुधाइतकंच. कोकणातली कुरकुरीत तळलेली मांदेली काट्यासकट चावून खाल्ली, तर तेच गणित लागू पडावं. काटे बाजूला काढून ठेवलेल्या सुरमईला ते लागू नाही.

भारतात प्रौढांसाठी दिवसाला १००० मिलिग्रॅमची शिफारस आहे. त्यातलं पाव ते तीस टक्के शोषलं जाईल असं धरलं, तर खरी गरज २५० ते ३०० मिलिग्रॅमची. मावशीचा दिवस आम्ही तसा बसवला. मुळ्याच्या पाल्याची भाजी १००, दोन नाचणीच्या भाकऱ्या ६५, कॅल्शियम सल्फेटवाला १०० ग्रॅम टोफू साधारण १००. तिन्ही वेगवेगळ्या जेवणांत, कारण एका बैठकीत जास्त कॅल्शियम आलं की शोषणाचं प्रमाण उतरतं. ड जीवनसत्त्व कमी निघालं, त्याची गोळी डॉक्टरांनी दिली. ते नसेल तर आतड्यात कॅल्शियम वाहून नेणारं प्रथिनच पुरेसं तयार होत नाही. पालक अजून शिजतो तिच्याकडे, आठवड्यातून एकदा. मुळा घेताना मात्र ती भाजीवाल्याचा हात धरते.