गुन्हेगारी महापट : शैलीदार हिंसा आणि माणसाचा शोध

गुन्हेगारी महापट म्हणजे टोळी, घराणे किंवा वस्ती यांची बऱ्याच वर्षांची कथा सांगणारा मोठ्या आवाक्याचा चित्रपट. एखादी चोरी किंवा एका खुनाचा तपास एवढ्यावर तो थांबत नाही. माणूस गुन्हेगारीत कसा शिरला, तिथे कसा वर चढला आणि त्याने काय काय गमावले, हे सगळे त्यात येते. त्यामुळे हे चित्रपट बहुधा लांब असतात. ‘द गॉडफादर’ (1972) जवळपास तीन तासांचा आहे आणि ‘गँग्स ऑफ वासेपुर’चे (2012) दोन भाग मिळून पाच तासांच्या वर जातात.

नव्या प्रेक्षकाची इथे हमखास गल्लत होते. ‘गँगस्टरचा पिक्चर’ या एकाच नावाखाली दोन वेगळे प्रकार मिळतात. एकात गोळीबार हाच सोहळा असतो. त्याची लय, कपडे, संगीत, पिस्तूल धरण्याची ढब हे पाहण्यासाठीच लोक येतात. दुसऱ्यात गोळी सुटायला वेळ लागतो, कारण चित्रपटाला ती झाडणारा माणूस पाहायचा असतो. पहिल्याची अपेक्षा धरून दुसरा लावला तर अर्ध्या तासात कंटाळा येतो. उलट केले तर तेवढ्याच वेळात डोके भणभणते. त्यातला कुठलाही चित्रपट वाईट नसतो, निवड चुकलेली असते. (पुढे काही चित्रपटांचे कथानक उघड केले आहे.)

दोन्ही प्रकारांचे मूळ एकच आहे. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दारूबंदीच्या काळातल्या टोळ्यांवर चित्रपट निघाले. गरीब घरातला पोरगा, झपाट्याने मिळालेला पैसा, भारी सूट आणि शेवटी रस्त्यावर मृत्यू हा साचा तिथे ठरला. 1934 पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडकपणे लागू झाली आणि गुन्हेगाराला शेवटी शिक्षा होणे बंधनकारक झाले. 1968 मध्ये तिची जागा वयानुसार प्रमाणपत्र देण्याच्या पद्धतीने घेतली. मग रक्त उघडपणे दाखवता येऊ लागले, तसेच गुन्हेगाराला जिवंत आणि यशस्वी ठेवूनही त्याची शोकांतिका सांगता येऊ लागली. वाटा फुटल्या त्या इथून.

फरक समजून घ्यायला दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहणे सगळ्यात सोपे. दोन्हींत एक माणूस हॉटेलात जेवणाऱ्यांना मारायला जातो आणि दोन्हींत पिस्तूल आधीच तिथे लपवलेले असते.

पहिला प्रसंग ‘द गॉडफादर’मधला, दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला. मायकल हा कोर्लिओनी घराण्याचा धाकटा मुलगा, महायुद्धात लढून आलेला, बापाच्या धंद्यापासून लांब राहिलेला. बापावर गोळीबार होतो. रात्री इस्पितळाच्या दारात तो बापाच्या राखणीला उभा राहतो आणि सोबतीला असतो एक साधा पाववाला. मारेकऱ्यांची गाडी येऊन निघून जाते. पाववाल्याचे हात इतके थरथरतात की त्याला सिगारेट पेटवता येत नाही. मायकल लायटर घेऊन ती पेटवून देतो आणि क्षणभर स्वतःच्या हाताकडे पाहतो. तो हात स्थिर असतो. संवाद एकही नाही, पण हा माणूस पुढे काय होणार ते इथेच ठरते.

मग हॉटेलचा बेत शिजतो. पिस्तूल दुसऱ्या कुणीतरी संडासाच्या टाकीमागे ठेवायचे, मायकलने ते घ्यायचे, बाहेर येताच प्रत्येकाच्या डोक्यात दोन गोळ्या घालायच्या, पिस्तूल हातातून सोडायचे आणि न धावता बाहेर पडायचे. आपल्याला हे सगळे आधीच माहीत असते. तरी मायकल बाहेर येतो आणि गोळी न झाडता पुन्हा खुर्चीत बसतो. बापावर गोळीबार घडवून आणणारा सोलोझो समोर बसून इटालियनमध्ये बोलत राहतो आणि त्या बोलण्याला उपशीर्षके नाहीत. कॅमेरा मायकलच्या चेहऱ्यावर, त्याचे डोळे इकडेतिकडे फिरताहेत, आणि रेल्वेगाडीची घरघर वाढत वाढत कर्कश होते. गाडी दिसत मात्र कुठेच नाही. ध्वनी सांभाळणाऱ्या वॉल्टर मर्चने तो आवाज मायकलच्या डोक्यातल्या गोंधळासाठी वापरला आहे. पार्श्वसंगीत तोवर नाही. गोळ्या सुटतात आणि दोन माणसे पडतात. मायकल पिस्तूल सोडायचे जवळजवळ विसरतो, ते दाराजवळ आल्यावर खाली पडते आणि तेव्हा कुठे संगीत सुरू होते. खून काही सेकंदांत उरकतो, त्याच्याआधीचा प्रत्येक क्षण मात्र ताणून धरलेला आहे.

दुसरा प्रसंग हाँगकाँगच्या चित्रपटातला. जॉन वू यांचा ‘अ बेटर टुमारो’ (1986). इथला मार्क (चाउ युन फॅट) मित्राचा विश्वासघात करणाऱ्यांचा सूड घ्यायला जातो. तो लांब कोट घालून, एका तरुणीला जवळ घेऊन, मंद गतीत बोळातून चालतो. मागे गाणे चालू असते. चालता चालता तो कुंड्यांमधल्या झाडांत पिस्तुले ठेवत जातो. तेव्हा वाटते हा नुसता खेळ आहे. दार उघडून दोन्ही हातांनी तो गोळ्यांचा पाऊस पाडतो. मागे फिरताना रिकामी पिस्तुले टाकून देतो आणि कुंडीतली भरलेली उचलतो. कुंड्यांचा अर्थ तेव्हा उलगडतो आणि प्रेक्षक खूश होतो, जादूगाराच्या हातातून पत्ता निघाल्यावर होतो तसा.

फरक दिसतो तो इथे. मायकलचे पिस्तूल त्याने ठेवलेले नाही, ते जागेवर असेल की नाही याचीही त्याला धाकधूक आहे. मार्कने आपली पिस्तुले स्वतः पेरली आहेत आणि त्याला सगळे ठाऊक आहे. एकाकडे पाहताना आपण घाबरतो, दुसऱ्याकडे पाहताना आपल्याला त्याच्यासारखे व्हावेसे वाटते.

तरीही वूंच्या प्रसंगाला पोकळ म्हणणे अन्यायाचे होईल. जखमी पडलेला एकजण मार्कच्या पायात गोळी घालतो. पुढे तोच मार्क लंगडत गाड्या पुसताना दिसतो आणि एके काळी त्याच्या हाताखाली असलेला माणूस त्याच्यासमोर नोटा जमिनीवर फेकतो. चांगल्या शैलीदार चित्रपटात त्या डौलाची किंमत कुणीतरी चुकवतो. वाईट चित्रपटात नायकाच्या कोटावर सुरकुतीही पडत नाही. या वाटेने जायचे असेल तर एवढी एक खूण पुरेशी आहे : पहिल्या मोठ्या गोळीबारानंतरची वीस मिनिटे बघा. त्या मृत्यूने कुणाचे घर, शरीर किंवा नाते बदलले का? बदलले असेल तर चित्रपट पुढे बघण्यासारखा आहे.

दोन्ही प्रकार एकाच चित्रपटात बेमालूम मिसळलेले पाहायचे तर मार्टिन स्कॉर्सेसी यांचा ‘गुडफेलाज’ (1990) पाहावा. सुरुवातीलाच रात्री तिघे गाडी थांबवतात, डिकीतून धडधड ऐकू येते. डिकी उघडली जाते, आत रक्ताने माखलेला माणूस जिवंत आहे, आणि टॉमी त्याला स्वयंपाकघरातल्या मोठ्या सुरीने भोसकतो. लगेच नायकाच्या स्वरातले निवेदन आणि जोशात गाणे सुरू. प्रेक्षक हसतोही. बऱ्याच वेळाने तीच रात्र पुन्हा येते, तेव्हा कळते की डिकीत माणूस असतानाच हे तिघे टॉमीच्या आईकडे गेले होते. ती माउली मध्यरात्री उठून त्यांना जेवू घालते, स्वतः काढलेले चित्र दाखवते, आणि टॉमी हरणाला गाडीची धडक बसली अशी थाप मारून तिची सुरी मागून घेतो. ती सुरी हीच. आईचे काम स्कॉर्सेसींच्या खऱ्या आईने, कॅथरीन यांनी केले आहे. पहिल्यांदा जी हिंसा चटकदार वाटली, तिची चव या जेवणाने बदलते. असा परिणाम मला दुसऱ्या कुठल्याही गँगस्टरपटात इतक्या साधेपणाने साधलेला दिसला नाही.

मुंबईच्या टोळ्यांवरचे चित्रपट मराठी प्रेक्षकाला अधिक जवळचे, कारण त्यांतली घरे, आडनावे आणि सण ओळखीचे. राम गोपाल वर्मा यांच्या ‘सत्या’मधला (1998) भिकू म्हात्रे समुद्राकाठच्या खडकावर उभा राहून ओरडतो, तो तुकडा आजही एकटाच फिरत असतो. तेवढाच पाहणाऱ्याला हा चित्रपट शैलीचा वाटेल. पण याच भिकूला घरी बायको प्यारी फैलावर घेते आणि त्याचे सगळे भाईपण तिच्यासमोर वितळते. ज्या राजकारणी भाऊ ठाकुरदास जावळेसाठी त्याने एवढे केले, तोच त्याला अचानक गोळी घालतो. निरोपाचे भाषण नाही, मंद गती नाही. सूडसुद्धा चौपाटीवर गणपती विसर्जनाच्या गर्दीत घेतला जातो, जिथे त्याचा आवाज कुणाला ऐकू जाणार नाही. पूर्ण चित्रपट पाहिला की खडकावरचा तो आरोळा केविलवाणा वाटू लागतो.

महेश मांजरेकर यांच्या ‘वास्तव’ची (1999) सुरुवात आणखी साधी आहे. चाळीतला बेकार रघू मित्रांबरोबर पावभाजीची गाडी टाकतो, गिऱ्हाइकाशी भांडण होते, हात उचलला जातो आणि माणूस मरतो. यात कुठलाच बेत नव्हता. सोन्याची चेन, पिस्तूल, दरारा हे सगळे त्यानंतरचे. शेवटी आईच त्याच्यावर गोळी झाडते आणि तेही त्याच्या विनवणीवरून. याच मातीतली पार्श्वभूमी समजून घ्यायची तर जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक आणि त्यावर बेतलेला ‘लालबाग परळ’ (2010) पाहावा. 1982 च्या गिरणी संपानंतर एका कामगार घराची कशी वाताहत झाली आणि त्यातला एक मुलगा टोळीकडे कसा ओढला गेला, ते तिथे घरातूनच दिसते.

कुठून सुरुवात करावी? रक्त बघवत नसेल पण माणसांत रस असेल, तर ‘द गॉडफादर’. तो पहिल्या अर्ध्या तासातच सोडून देणारे पुष्कळ. लग्नाचा समारंभ संपता संपत नाही, नावे लक्षात राहत नाहीत. उपाय असा की बाहेरच्या अंगणातली नावे पाठ करायची नाहीत. अंधाऱ्या खोलीत कोण काय मागायला येतो एवढेच पाहायचे. पहिलाच मागणारा दफनविधी करणारा बोनासेरा. मुलीवर झालेल्या अत्याचाराचा बदला त्याला हवा आहे. खूप पुढे डॉन त्या उपकाराची परतफेड मागतो, आपल्या मुलाचे छिन्नविच्छिन्न शरीर आईला पाहता येईल असे करून दे म्हणून. लग्नात न कंटाळलेल्यालाच ही भेट कळते.

डौल, वेग आणि मैत्रीच्या आणाभाका हव्या असतील तर ‘अ बेटर टुमारो’. दोन्हींचा मध्य हवा तर ‘गुडफेलाज’, पण त्यातली हिंसा आणि शिवीगाळ खरोखर कठोर आहे. लहान मुले घरात जागी असताना लावू नये. ‘वासेपुर’ पहिल्यांदाच घेऊ नका. तिथे तीन पिढ्या आणि धनबादच्या कोळशाचा इतिहास आहे, म्हणून पहिला भाग एका सुट्टीला आणि दुसरा पुढच्या सुट्टीला असा बघितलेला बरा. त्यातला फैजल स्वतः सिनेमाचे वेड घेऊन वाढलेला आहे. पडद्यावरच्या नायकाची ढब तो अंगी आणू पाहतो. घराण्याचा जुना वैरी रामाधीर सिंग मेल्यावरही फैजल त्याच्यावर गोळ्या झाडत राहतो, गरज संपून बराच वेळ गेलेला असतो. त्या गोळ्या मोजू नका, त्या वेळचा फैजलचा चेहरा पाहा.